मी आपली जुनी विद्यार्थिनी

शेवटच्या वर्षाच्या मुलांची पत्रं यायला लागली की त्यातली बहुतेक एकाच छापाची असतात. "आदरणीय सर, सविनय नमस्कार. मी आपला माजी विद्यार्थी. आपल्या मार्गदर्शनाखाली बरंच काही शिकायला मिळालं. पदव्युत्तर प्रवेशासाठी शिफारसपत्र हवं आहे. तरी कृपया शक्य तितक्या लवकर द्यावं, ही नम्र विनंती." नावं ठेवायला जागा नाही. विनय आहे, शुद्धलेखनही बरं आहे. फक्त हे वाचून मी लिहायचं काय, एवढंच कळत नाही.

चेहरा आठवतो, नावही ओळखीचं वाटतं, पण हे नाव त्याच चेहऱ्याचं का, इथे गाडी अडते. मग मी जुन्या नोंदी काढतो. तिथे ७१ गुण दिसतात. ते तर गुणपत्रिकेतही आहेत आणि गुणपत्रिका अर्जाला जोडलेली आहेच; तेवढ्यासाठी माझी सही कशाला? शेवटी पत्रात "मेहनती, नम्र, वक्तशीर" असे तीन शब्द पडतात. प्रवेश समितीतली माणसं अशी पत्रं ढिगानं वाचतात. वक्तशीरपणाचं कौतुक दिसलं, की मास्तरांना या मुलाबद्दल दुसरं काही सापडलेलं नाही, हे ती बरोबर ओळखतात.

मध्यंतरी एका मुलीची ईमेल आली. विषयाच्या ओळीतच सगळं होतं: "भौतिकशास्त्र एम.एस्सी. प्रवेशासाठी शिफारसपत्राची विनंती, शेवटची तारीख १५ जानेवारी". ईमेल डिसेंबरच्या सुरुवातीची, म्हणजे महिन्याहून जास्त वेळ हातात. पहिल्या दोन ओळींत नाव, बॅच, मी तिला कोणत्या वर्षी काय शिकवलं ते. आणि मग हा परिच्छेद:

"दुसऱ्या वर्षी लंबकाच्या प्रयोगात माझं गुरुत्वत्वरण ९.५२ आलं होतं. ते मी जर्नलमध्ये तसंच लिहिलं. आपण म्हणालात, लांबी बदलत जा आणि आलेख काढ. त्या पानाचा फोटो जोडला आहे."

फोटो उघडला आणि सगळं लख्ख आठवलं. त्या प्रयोगात उत्तर ९.८ यायला हवं हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे ते येतंच. आकडे कुठून कसे वळवले जातात हे आम्हालाही माहीत असतं आणि आम्ही सहसा विचारत नाही. या मुलीनं दोरा अर्धा मीटर घेतला होता, पण तो गोळ्याच्या वरच्या गाठीपर्यंत मोजला होता. लंबकाची लांबी मोजायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. लांबी कमी धरली की उत्तरही तेवढंच कमी येतं. तिनं वेगवेगळ्या लांब्या घेऊन आवर्तकालाच्या वर्गाचा आलेख काढला, तर रेषा सरळ आली, पण आरंभबिंदूतून जाईना. मागे वाढवल्यावर ती लांबीच्या अक्षाला उणे दीड सेंटिमीटरवर छेदत होती. तिनं व्हर्नियरनं गोळ्याचा व्यास मोजला, तो भरला तीन. म्हणजे तिच्या मोजमापातून सुटलेली गोळ्याची त्रिज्या आलेखानं स्वतःहून काढून दिली होती. आणि रेषेच्या चढावरून काढलेलं गुरुत्वत्वरण बरोबर ९.८ च्या जवळ, कारण लांबीतली चूक सगळीकडे सारखीच असेल तर तिनं रेषा सरकते, चढ बदलत नाही.

आता मला लिहायला काही हवं होतं का? या मुलीनं उत्तर जुळवलं नाही, चूक शोधली, आणि ती नेमकी किती आहे हे मोजून दाखवलं. हे कोणत्याही गुणपत्रिकेत नसतं, आणि ते पाहणारा मी एकटाच होतो. शिफारसपत्राला लागतं ते एवढंच, पण ते मला आठवून देणं विद्यार्थ्याच्या हातात असतं. मी हुशार आहे, जिद्दी आहे, असं तिनं पत्रात कुठेही म्हटलेलं नव्हतं. ती विशेषणं मी लावायची, आणि तीही पुरावा दिसल्यावर.

पुढे तिनं लिहिलं होतं: "गणिताच्या पेपरांत मला गुण कमी आहेत. त्याबद्दल मी माझ्या निवेदनात लिहिलं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल दुसऱ्या मॅडम लिहिणार आहेत. आपण प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लिहिलंत तर उपयोग होईल." ही वाटणी फार थोड्यांना सुचते. बरेचजण तीन शिक्षकांना तोच मजकूर पाठवतात, मग तिघंही तेच लिहितात आणि समितीला तीन पत्रांत मिळून एकाच पत्राइतकी माहिती मिळते.

शेवटची ओळ अशी होती: "आपल्याला वेळ नसेल, किंवा माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येणार नाही असं वाटत असेल, तर निःसंकोच सांगावं. मी दुसऱ्या कुणाला विचारेन." ही वाट मोकळी ठेवण्यात सौजन्य आहे, पण त्याहून जास्त शहाणपण आहे. भिडेखातर हो म्हणणारा शिक्षक कोमट पत्र लिहितो, आणि ते कोमट आहे हे विद्यार्थ्याला कधी कळतही नाही, कारण बहुतेक ठिकाणी पत्र परस्पर जातं.

काही शिक्षक म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मला हे पटत नाही, नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी काम बिघडतं. मुलाचं निवेदन आणि मास्तरांचं पत्र एकाच हातचं आहे, हे लागोपाठ वाचणाऱ्याला भाषेवरून कळतं. त्यापेक्षा चार मुद्दे, बायोडेटा, निवेदनाचा कच्चा मसुदा आणि कुठे, कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचं त्याची यादी द्यावी. लिहिणं आमच्यावर सोडावं.

मी हो म्हटल्यावरच तिनं माझा ईमेल अर्जात भरला. हा क्रम महत्त्वाचा, कारण अनेक ठिकाणी पत्ता भरला की त्याच क्षणी शिक्षकाला लिंक जाते. न विचारता आलेल्या अशा लिंकवर क्लिक करायला माझा हात धजत नाही. पत्ताही तिनं संस्थेचा मागून घेतला, खासगी नको म्हणाली. काही विद्यापीठं खासगी पत्ता चालवून घेत नाहीत.

तारखेच्या आठवडाभर आधी तिची एक ओळ आली: "सर, लिंक आली असेल. दिसत नसेल तर स्पॅममध्ये पाहाल का?" तिथेच होती. पत्र तयार होतं, ते चढवलं. पण त्याआधी फॉर्म भरायचा असतो: किती काळ ओळखता, कोणत्या नात्यानं, आणि मग चौकटींचा तक्ता, हा विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत? प्रयोगकौशल्यापुढे मी ५ वर खूण केली. सचोटीपुढेही ५. गणिती क्षमतेपुढे "पाहण्याची संधी मिळाली नाही" अशी एक चौकट होती, तिथे टिचकी मारली आणि फॉर्म पाठवून दिला.