‘सौम्य करा’ म्हटल्याने पत्र सौम्य होत नाही

मंगळवार, रात्र

आमच्या सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या थकबाकीचे स्मरणपत्र आज अखेर मार्गी लागले. मसुदा कार्यालय सांभाळणाऱ्या तरुण व्यवस्थापकाने लिहिला होता. त्यातले मुख्य वाक्य असे होते : “वारंवार सूचना देऊनही आपण एप्रिल ते डिसेंबर या कालावधीतील देखभाल शुल्क भरलेले नाही, सबब आठ दिवसांत भरणा न केल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.” समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी ‘भाषा जरा सौम्य करा’ एवढाच शेरा मारला आणि दोन दिवसांनी पुढचा मसुदा आला : “अनेकदा विनंती करूनही आपण एप्रिल ते डिसेंबर या कालावधीतील देखभाल शुल्क भरू शकला नाहीत, तरी कृपया आठ दिवसांत भरणा करावा, अन्यथा नाइलाजाने कारवाई करावी लागेल.”

व्यवस्थापकाने सांगितलेले काम प्रामाणिकपणे केले होते. ‘सूचना’च्या जागी ‘विनंती’ आली, ‘कृपया’ आणि ‘नाइलाजाने’ यांची भर पडली, पण दोन्ही मसुदे शेजारी ठेवले तर आधी ठपका, मग मुदत आणि शेवटी धमकी हा क्रम तसाच होता. वाक्यांचा क्रम आणि वाक्याचा कर्ता बदललेला नसेल, तर सूर बदललेला नाही असे मी खुशाल समजते. ‘सौम्य’ या शेऱ्यातून लिहिणाऱ्याला एवढेच कळते की काही शब्द टोचत आहेत, म्हणून तो शब्दच शोधत बसतो.

दुसरा शेरा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी आधी यादी पाहिली. थकबाकीदारांपैकी काही जणांनी पैसे ऑनलाइन भरले असावेत, पण सदनिका क्रमांक न लिहिल्यामुळे ती रक्कम कोणाच्या नावे जमा करायची हे आमच्याच हिशेबात अडून राहिले असावे, अशी दाट शक्यता दिसली. पत्रातला खरा कठोरपणा तिथे होता. वाचणाऱ्याने कदाचित पैसे भरलेही असतील, याला त्या पत्रात जागाच नव्हती. म्हणून एकाही शब्दाखाली रेघ न ओढता मी दोनच गोष्टी लिहिल्या. पहिली अशी : “पैसे भरूनही हे पत्र हाती पडलेल्या ज्येष्ठ सभासदाला पहिल्याच वाक्यात ‘तुम्ही बुडवे आहात’ असे ऐकू येईल, त्यांनी काय केले नाही याऐवजी आपल्या वहीत काय दिसते, तिथून सुरुवात करावी.” आणि दुसरी : “लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद ठेवताना तुम्ही जी सूचना लिहिली होती, तिच्यात अडचण, कारण आणि पर्याय असे ओळीने आले होते, तोच सूर इथे हवा आहे.” त्याखाली रक्कम, शेवटची तारीख आणि व्याजाचा उल्लेख या तीन गोष्टींना हात लावू नये, असेही नमूद केले, कारण सूर मऊ करण्याच्या नादात नेमकी तारीखच ‘लवकरात लवकर’ होऊन बसते.

तयार वाक्य सुचवण्याचा मोह मी मुद्दाम टाळला. आपण एक वाक्य लिहून दिले की ते जसेच्या तसे मधोमध बसते आणि आजूबाजूची वाक्ये जुन्याच आवाजात बोलत राहतात. लिहिणाऱ्याच्याच हातून उतरलेला चांगला नमुना दाखवला, तर नेमके काय हवे ते त्याला आतून ठाऊक असते. याशिवाय, जुना मसुदा समोर न ठेवता कोऱ्या कागदावर लिहा, असे मी त्याला तोंडी सांगितले.

आज आलेल्या पत्राची सुरुवात अशी आहे : “आपल्या सदनिकेचे एप्रिल ते डिसेंबरचे देखभाल शुल्क, ९,६०० रुपये, सोसायटीच्या हिशेबात जमा दिसत नाही. आपण ते भरले असल्यास तारीख आणि व्यवहार क्रमांक कळवावा, म्हणजे आम्ही नोंद तपासून दुरुस्त करू. भरायचे राहिले असल्यास ३१ जानेवारीपर्यंत भरावे. एकरकमी जमत नसल्यास कार्यालयात येऊन हप्ते ठरवता येतील.” उपविधींप्रमाणे लागणाऱ्या व्याजाचे वाक्य त्यानंतर, कोणतेही विशेषण न लावता आले आहे. ‘कृपया’ हा शब्द कुठेही नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. शेवटी जोडलेले ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद’ तेवढे मी काढायला सांगितले, कारण न मिळालेल्या सहकार्याचे आभार टोमण्यासारखे लागतात.

हे सारे पहिल्या स्मरणपत्रापुरते झाले. वसुलीच्या कायदेशीर कारवाईपूर्वीची शेवटची नोटीस लिहिताना शेरा बहुधा उलट दिशेचा द्यावा लागेल, कारण तिथे ‘कळवावे’, ‘ठरवता येईल’ अशी मोकळी वाट ठेवली तर अजून वेळ आहे असा सभासदाचा समज होईल. तो मसुदा सोमवारी येणार आहे.