मसाई पठार कॅम्प, नोंद दुसरी : तंबू पठारावर नाही, पठाराखाली

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की तंबू पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या मधोमध टाकायचा. रविवारी पाहणी करून आलो आणि बेत बदलला.

पहिली गोष्ट खुंट्यांची. वर सगळा जांभा दगड, माती कुठं चार बोटं, कुठं तीही नाही. खुंटी ठोकली तर वाकून परत आली. जमीन खणता येत नाही म्हणजे शौचाचा खड्डाही होणार नाही, आणि तो वीतभर खोल तरी हवाच. शिवाय हा भाग संवर्धन राखीव, त्यामुळं रात्री राहायचं तर आधी वनविभागाची परवानगी लागणार.

खरी गोम पाण्याची. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पडलेलं पाणी झिरपून खाली जातं. म्हणून जानेवारीत माथा कोरडा आणि झरा मात्र पठाराच्या कडेखाली, जिथं जांभा संपतो तिथं. आम्हालाही तिथंच एक बारीक धार सापडली, पण भोवती म्हशींच्या खुरांचे ठसे होते. दादा म्हणाला, "पाणी नितळ हाय रे, पी की!" नितळ असलं म्हणून काय झालं? ते फडक्यातून गाळून, खळखळून उकळी आली की एक मिनिट तशीच ठेवायची, मगच प्यायचं.

तरी भरवसा झऱ्यावर नाही. चौघे, एक रात्र: पिण्याला १० लिटर, चहा-भाताला ५, भांड्यांना ३, वर २ राखून. एकूण २०. एकच मोठा कॅन फुटला तर सगळंच गेलं, म्हणून पाच-पाच लिटरचे चार नेणार. भांडी झऱ्यापासून सत्तरेक पावलं लांब घासायची, साबणाचं पाणी धारेत जाता कामा नये.

आता जागा ठरली: कडेखालचं एक पड शेत. मालकानं होकार दिला. "जाळ करायचा न्हाई, गवत वाळलंय," एवढीच त्यांची अट, आणि ती बरोबरच आहे. वणवा लागला तर डोंगर काळा होईल. म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा बेत रद्द. भाकरी, खर्डा, दही घरून. शेगडीवर फक्त भात आणि चहा. पोलीस पाटलांनाही कळवून ठेवणार.

खाण्याची एक चूक मागच्या वर्षीची: भाकऱ्या पिशवीत तंबूच्या दारात ठेवल्या. पहाटे कुत्र्यांनी पिशवी फाडली, तंबूचा कोपराही. आता सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा गाडीत. खरकटं आणि संत्र्याची सालंसुद्धा डब्यातून परत. सालं कुजतील खरी, पण तोवर कुत्री, माकडं येत राहतील आणि त्रास मालकाला.

राहिलं काय? शेतात खुंट्या बसतात का, हे अजून बघितलेलं नाही. शनिवारी हातोडी घेऊन जाणार.