‘सुधारणेस वाव आहे’

वार्षिक मूल्यमापनाच्या मोसमात कचेऱ्यांतून एकच वाक्य फिरत असतं: ‘वेळेच्या बाबतीत सुधारणेस वाव आहे.’ वाव कुणाच्या कामात नसतो? लिहिणाऱ्याला वाटतं आपण सौम्य लिहिलं. वाचणाऱ्याला मात्र आपलं काय चुकलं ते कळत नाही, आणि तो उगाचच सगळ्या वर्षाची उजळणी करत बसतो.

लेखा विभागातल्या एका कारकुनाचं उदाहरण घेऊ. बँकेचं ताळमेळपत्रक दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचं आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत ते चारदा उशिरा आलं. साहेबांच्या मनात पहिलं वाक्य येतं, ‘ते पत्रक उशिराच देतात.’ इथे बोचतात त्या दोन बारीक गोष्टी. ‘देतात’ हा वर्तमानकाळ घटनेचा स्वभाव करून टाकतो, आणि त्या ‘च’मध्ये सहा महिन्यांचा वैताग भरलेला आहे. वेळेवर आलेली दोन पत्रकंही त्यात बुडतात.

आता हे पाहा: ‘एप्रिल ते सप्टेंबर या काळात ताळमेळपत्रक चार वेळा ५ तारखेनंतर आले, सर्वांत जास्त उशीर जुलैत, सहा दिवसांचा.’ भूतकाळ आला, की गोष्ट घडून गेलेली ठरते. कर्त्याच्या जागी माणूस नाही, पत्रक आहे. तरी वाक्य पूर्वीपेक्षा जास्त नेमकं झालं. आवकनोंद उघडून कुणीही ते पडताळू शकतो.

माणूस वाक्यातून काढायचा, तर काम त्या एकट्याचं आहे ना, हे आधी बघावं. दोघांचं असेल तर ‘आले’ने संशय दोघांवर जातो. तिथे ‘त्यांच्याकडून’ बरं पडतं. ‘त्यांच्याकडून दोन नोंदी राहिल्या’ यात माणूस सुटत नाही, आणि मुद्दाम केलं असा आरोपही होत नाही. खोटं बिल लावलं असेल तर मात्र हा ‘कडून’ नको. तिथे सरळ ‘त्यांनी लावले’.

सगळ्यांत फसवं क्रियापद म्हणजे ‘होऊ शकले नाही’. ‘केले नाही’ खटकतं म्हणून लोक ते घालतात, पण त्यातून काम शक्यच नव्हतं असा अर्थ निघतो. पुढच्या वर्षी तेच वाक्य बचावाला पुढे येतं. ‘झाले नाही’ पुरे. बँकेचा उतारा खरंच उशिरा आला असेल, तर तेच कारण तारखेसह लिहावं.

कौतुकानंतरचा ‘पण’ही टाळता येतो. ‘नोंदी अचूक असतात, पण...’ वाचताना पहिला अर्धा भाग पुसला जातो. तिथे पूर्णविराम द्यावा. शेवटी अपेक्षा विध्यर्थात: ‘ऑक्टोबरपासून पत्रक ५ तारखेपर्यंत द्यावे; उतारा ३ तारखेपर्यंत न मिळाल्यास त्याच दिवशी कळवावे.’