आमची वाटचाल: माठासोबतची चिठ्ठी

सुरुवातीला आमच्या माठासोबतच्या चिठ्ठीवर 'आजोळच्या ओसरीवरचं गार पाणी' असं छापलेलं असायचं. माठ विकले जायचे, पण एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या फोनवर ओसरीचा विषय कधीच नसे. पाणी गार होत नाही, माठ गळतोय, पाण्याला मातीची चव येते, या तीन तक्रारी असत. त्यांच्यामुळे आधी चिठ्ठी बदलली आणि मग माठही.

पहिला बदल रंगाचा. अंगभर ऑइलपेंटची नक्षी असलेले माठ दुकानात उठून दिसायचे, पण रंगाखाली भाजलेल्या मातीची छिद्रं बुजायची. पाणी छिद्रांतून पाझरून बाहेर येतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. पाझर नाही तर गारवा नाही. आता नक्षी फक्त गळ्यावर, पोट कोरंच.

'माठ गळतोय' ही तक्रार बहुतेक वेळा गळतीची नसतेच. दहा लिटर पाणी तीस अंशांवरून बावीसवर आणायला हिशेबाने दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी उडून जावं लागतं. बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात याहून बरंच जास्त उडतं. माठातलं पाणी कमी होणं हा बिघाड नाही, तेच त्याचं काम आहे. खरी गळती ओळखायची तर भरलेला माठ कोरड्या फडक्याने पुसावा. सगळं अंग सारखं ओलसर झालं तर तो पाझर. एकाच जागी थेंब जमून ओघळ आला, तर तिथे केसासारखी चीर आहे. तोटीच्या माठात आधी तोटीचा वायसर पाहावा. पाणी ठिबकतंय म्हणून तोटी जोरात आवळली की तिथेच तडा जातो. हाताने घट्ट होईल तितकीच आवळावी, पान्हा लावू नये.

आता चवीचं. नवा माठ चोवीस तास पाण्याने काठोकाठ भरून ठेवावा आणि ते पाणी झाडांना घालावं. असं दोन-तीनदा केलं की कच्च्या मातीची चव जाते आणि मागे राहतो तो हलका वास, ज्यासाठी लोक माठ घेतात. साबण मात्र कधीच लावू नये. तो छिद्रांत मुरतो आणि पुढे कित्येक दिवस पाण्यात उतरत राहतो. आतून घासायला काथ्या आणि साधं पाणी पुरतं. फ्रिजच्या पाण्यापेक्षा माठाचं पाणी चवदार लागतं यात जादू काही नाही. फार थंड पाण्याने जीभ बधिरते आणि चव कळत नाही. माठ पाणी शुद्ध करतो असं मात्र आम्ही लिहीत नाही. तो जंतू मारत नाही, त्यामुळे पाणी गाळून-उकळूनच भरावं.

पुण्यात खरी अडचण बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची. त्यातले क्षार पाझरासोबत बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पहिल्या उन्हाळ्यात छान गार करणारा माठ दुसऱ्या वर्षी थंड पडतो, म्हणजे थंड करत नाही! अंगावर पांढरी पुटं दिसली की कारण हेच. अर्धं पाणी आणि अर्धं पांढरं व्हिनेगर घेऊन, माठ रिकामा करून, बाहेरून फडक्याने ते लावावं, अर्ध्या तासाने काथ्याने घासावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. यानंतरही पुसलेलं पोट तासाभरात ओलसर झालं नाही, तर त्यात झाड लावावं, पाण्यासाठी नवा घ्यावा.

जागेबद्दल चिठ्ठीवर एकच ओळ आहे: वारा लागेल, ऊन लागणार नाही. ओट्याच्या बंद कोपऱ्यात चांगला माठसुद्धा हरतो. तिवई भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावी. मातीच्या बाटलीचंही तेच. टेबलावर ती झटपट गार करते, पण बॅगेत वारा नसतो, मग पाणी कोमट राहतं आणि वह्या भिजतात. म्हणून ती 'प्रवासासाठी' असं लिहून विकणं आम्ही थांबवलं.

हवा जितकी कोरडी तितका माठ जोरात चालतो, त्यामुळे मेमधल्या दुपारी तो सगळ्यात उपयोगी. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की हवा दमट होते, पाणी उडत नाही आणि गारवा जेमतेम राहतो. त्या वेळी फोन आला तर बदलून देण्याआधी आम्ही हेच सांगतो. मग माठ रिकामा करून सावलीत पालथा ठेवावा, चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्यावा आणि तोंड मोकळं ठेवूनच माळ्यावर चढवावा. ओला ठेवला तर बुरशीचा वास धरतो, आणि तो वास पुढच्या उन्हाळ्यात व्हिनेगरनेही जात नाही.