एकतीस मिलिमीटरचा तडा

जानेवारीच्या १७ तारखेला सकाळी सव्वासात वाजता कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यातून मला फोन आला. फोनवर फोरमन होते, ज्यांना तिथे सगळे अण्णा म्हणतात. ते एवढेच म्हणाले, "साहेब, फ्रेम फुटली. माणसं सगळी ठीक आहेत, पण तुम्ही लगेच या." मी सांगलीहून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा फिरत होता, साठ. दोन महिन्यांपूर्वी मीच लेखी कळवले होते की त्या प्लेटमधला तडा साठ मिलिमीटरपर्यंत जाईपर्यंत प्लेट अचानक फुटणार नाही.

तो पत्रा दाबण्याचा जुना हायड्रॉलिक प्रेस होता, इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या फ्रेमचा. फ्रेमला ४० मिलिमीटर जाडीच्या आणि घशाजवळ ६०० मिलिमीटर रुंदीच्या दोन उभ्या प्लेटा होत्या. प्रत्येक दाबाला 'सी'चा घसा उघडू पाहतो, त्यामुळे प्लेटची आतली कड ताणली जाते. या कडेवर कुणीतरी तेलाच्या पाइपसाठी चार बोटांचा ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवला होता. ज्या जागी संपूर्ण फ्रेममधला सर्वांत मोठा ताण येतो, नेमक्या त्या जागी वेल्डिंग करण्याची ही सवय मी आजवर किती कारखान्यांत पाहिली असेल, त्याची गणती नाही. वेल्डच्या कडेला सूक्ष्म खाच राहते, तिथून तडा सुरू होतो आणि दर दाबाला थोडा थोडा आत सरकतो.

नोव्हेंबरच्या १८ तारखेला मी चुंबकीय कणांनी आणि अल्ट्रासॉनिकने तपासले, तेव्हा एका प्लेटमध्ये कडेपासून आत १८ मिलिमीटर खोल तडा मिळाला. मालकांचे म्हणणे सरळ होते. सहाशेपैकी अठरा म्हणजे तीन टक्के. आतल्या कडेवरचा ताण ११० मेगापास्कल आहे आणि पोलाद अडीचशेला वाहू, म्हणजे कायमचे ताणले जाऊ लागते. मग भीती कशाची? हा हिशेब मला बहुतेक सर्वच कारखान्यांत ऐकावा लागतो, आणि तडा नसलेल्या प्लेटसाठी तो बरोबरही आहे. तडा असला की मात्र प्रश्न उरलेल्या रुंदीचा राहत नाही. बल तड्याला वळसा घालून त्याच्या टोकाजवळ गर्दी करते आणि टोक जितके तीक्ष्ण तितका तिथला ताण अमर्याद वाढत जातो, म्हणून टोकावर ताण किती, हा प्रश्नच निरर्थक होतो.

अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील जॉर्ज आयर्विन यांनी १९५७ मध्ये यातून वाट काढली. टोकाभोवतीच्या ताणाचे चित्र सगळीकडे सारखेच असते, फक्त त्याची तीव्रता बदलते, आणि ही तीव्रता एकाच संख्येने सांगता येते. तिला ताणतीव्रता गुणांक म्हणतात:

K = Y σ √(πa)

इथे σ हा दूरवरचा ताण, a ही तड्याची खोली मीटरमध्ये, आणि Y हा आकाराचा गुणक आहे. प्लेटच्या कडेवरच्या लहान तड्यासाठी तो सुमारे १.१२ असतो. एकक मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ असे अवघडल्यासारखे आहे, म्हणून पुढे नुसते आकडे देतो. आमच्या तड्यासाठी १.१२ गुणिले ११० गुणिले ०.२३८, म्हणजे K सुमारे २९ आला. ही झाली तड्याची मागणी. ती पोलादाच्या चिवटपणाशी, म्हणजे फ्रॅक्चर टफनेसशी, ताडून पाहायची. मागणी कमी असेल तर तडा दर दाबाला केसाएवढ्याहूनही कमी सरकतो. मागणी चिवटपणाला पोहोचली की मात्र तो एका क्षणात प्लेटच्या पलीकडे जातो, कारण तडा जसजसा लांबतो तसतसा K आणखी वाढतो आणि त्याला थांबवणारे काहीच उरत नाही.

मागणी मोजणे सोपे, चिवटपणा कळणे कठीण. त्या प्लेटच्या जुन्या दाखल्यावर वहनताण, तुटण्याचा ताण आणि लांबणे होते, पण आघात चाचणीची ओळच नव्हती. साध्या संरचनात्मक पोलादाच्या 'ए' दर्जाला ही चाचणी भारतीय मानकाप्रमाणे लागतच नाही. मी मालकांना म्हटले की फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ताण जवळपास शून्य आहे, तिथून तळहाताएवढा तुकडा कापू द्या. त्यातून १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचे चार्पी नमुने होतील आणि हातोड्याच्या एका फटक्यात नमुना तोडायला किती ऊर्जा लागते ते कळेल. ते म्हणाले, "साहेब, तडा एक आहेच, आता तुम्ही भोक पाडणार का?" मी आग्रह सोडून दिला. बऱ्या पोलादाला साधारण तापमानात २७ ज्यूल धरण्याचा प्रघात आहे. मी तोच आकडा धरला. चार्पीच्या ज्यूलवरून चिवटपणाचा सावध अंदाज देणारे सूत्र ब्रिटिश मानक ७९१० मध्ये आहे. ४० मिलिमीटर जाडीसाठी त्यातून ५८ मिळाले. उलटा हिशेब केला तर तड्याची मर्यादा सत्तरच्या आसपास येत होती. तडा लांबल्यावर Y वाढतो हे धरून मी ती साठवर आणली.

दर दाबाला तडा किती सरकेल हेही मी काढले होते. दिवसाला साधारण एक हजार दाब धरून महिन्याभरात तडा २३ मिलिमीटरपर्यंत जाईल असे अहवालात लिहिले. डिसेंबरच्या १८ तारखेला मोजला तर तो २४ भरला. मी समाधानाने परतलो. त्या दिवशी अण्णांनी तड्याच्या टोकाशी भोक पाडून तो अडवावा असे सुचवले होते. मी त्यांना समजावले की तड्याचे टोक जाडीच्या मध्यभागी पृष्ठभागापेक्षा तीन-चार मिलिमीटर पुढे असते, ते भोकाच्या बाहेर राहिले तर भोकाचा उपयोग होत नाही आणि फसवे समाधान तेवढे मिळते. ते तांत्रिकदृष्ट्या खरे होते. पण मोठे भोक पाडून त्याच्या कडा घासून गुळगुळीत करणे अशक्यही नव्हते, हे मी तेव्हा बोललो नाही.

१७ जानेवारीला मी पोहोचलो तेव्हा प्लेट घशापासून पाठीपर्यंत दुभंगलेली होती. दुसऱ्या प्लेटने भार पेलून धरला, म्हणून ऑपरेटर वाचला. आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला, असे सर्वांनी सांगितले. फुटलेला पृष्ठभाग मी रॉकेलने पुसून भिंगातून पाहिला. कडेपासूनचा भाग काळपट, गुळगुळीत आणि शिंपल्याच्या रेषांसारख्या वळ्यांचा होता. हा महिनोन्महिने सरकलेला तडा. त्यापुढे चमकदार, दाणेदार पृष्ठभाग आणि माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेषा होत्या, ज्यांची टोके मागे, त्या काळपट भागाकडेच दाखवत होती. जिथे काळपटपणा संपला तिथे पट्टी ठेवली. ३१ मिलिमीटर. प्लेटच्या बाहेरच्या बाजूच्या कडा जरासुद्धा ओढल्या गेलेल्या नव्हत्या. ओबडधोबड ताणून तुटलेल्या पोलादाचे एकही लक्षण नव्हते.

त्या सकाळी जाड पत्र्याचे काम लावले होते म्हणून दाब वाढवलेला होता. हायड्रॉलिक दाबाची नोंद पाहून घशातला ताण सुमारे १२० निघाला. ३१ मिलिमीटर आणि १२० मेगापास्कल यांवरून K बेचाळीस येतो. म्हणजे त्या प्लेटने स्वतःच आपला चिवटपणा सांगितला होता, माझ्या ५८ पेक्षा बराच कमी. आता मात्र तुकडा कापायला कोणाची हरकत नव्हती. पहाटे शेडमध्ये पारा १२ अंशांवर होता, म्हणून मी तीन नमुने १२ अंशांवर आणि तीन ३० अंशांवर तोडून घेतले. बारावर १०, १२ आणि १५ ज्यूल आले. तिसावर सरासरी तीस. तेच सूत्र लावले तर पहिल्या सरासरीतून चिवटपणा ४० आणि दुसऱ्यातून ६१ येतो.

माझा २७ ज्यूलचा आकडा चुकीचा नव्हता, तो दुपारचा होता. हे पोलाद दुपारी चिवट आणि पहाटे ठिसूळ असे होते, आणि मी दोन्ही वेळा अकरानंतर गेलो होतो. थंडीने पोलादाचा वहनताण कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. म्हणून ताकदीच्या कोणत्याही दाखल्यात हे दिसत नाही. कमी होतो तो चिवटपणा, आणि तड्याची मर्यादा चिवटपणाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ६१ वरून ४० म्हणजे दोन-तृतीयांश. पण त्या सकाळच्या १२० मेगापास्कल ताणाला मर्यादा ६५ मिलिमीटरवरून २८ वर येते. तडा मी सांगितल्या वेगानेच वाढत होता. मर्यादाच खाली येऊन त्याला भेटली. १९४३ च्या जानेवारीत ओरेगॉनमधील पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज असेच कडाडून दुभंगले होते. आम्ही ते उदाहरण थंड देशांचे म्हणून वाचतो. कृष्णाकाठच्या पहाटेचे १२ अंश आम्ही थंडीत धरत नाही.

एका मर्यादेची नोंद करायला हवी. या जाडीत आणि या पोलादात चिवटपणाचे शुद्ध, जाडीवर अवलंबून नसलेले मूल्य मोजता येत नाही. त्यासाठी इथे प्लेट किमान ६४ मिलिमीटर जाड लागली असती. त्यामुळे ४० हा आकडा या जाडीच्या या प्लेटचा आहे, पोलादाच्या जातीचा नाही. शिवाय तीन नमुन्यांत १० ते १५ ज्यूल एवढी तफावत असल्याने चिवटपणा ३६ ते ४४ दरम्यान कुठेही असू शकतो. वाढीव दाब नसता तर K त्या सकाळी ३८ च्या थोडा वर असता. प्लेट त्या दिवशी कदाचित फुटली नसती. दाब वाढवणाऱ्या ऑपरेटरला मालकांनी दोष दिला. मी लेखी कळवले की हे योग्य नाही, कारण थंडीत तीच प्लेट नेहमीच्या दाबाखालीही काही दिवसांतच त्याच रेषेपाशी आली असती.

दुसऱ्या प्लेटवरचा ब्रॅकेट कापून, घासून, तिची तपासणी झाली, तडा नाही. प्लेट २५ अंशांच्या खाली असेल तर पहिला दाब देण्याआधी ती तापवावी, असे मी लिहून दिले आहे आणि अण्णा दर सकाळी तापमान वहीत टिपतात.

मी मात्र डिसेंबरच्या १८ तारखेकडे परत परत जातो. २४ मिलिमीटर आणि ११० मेगापास्कल यांचा K ३४ होतो. मी दुपारी प्लेटवर हात ठेवला तेव्हा ती कोमट होती आणि ३४ समोर साठाच्या आसपास चिवटपणा उभा होता. त्याच दिवशी पहाटे, कारखाना सुरू झाला तेव्हा, त्या ३४ समोर कदाचित ३६ च होते.