फोंतान्याशच्या खिडकीतलं १.६: मोजणीची वही, तिसरा टप्पा

मागच्या टप्प्यात मी लिहिलं होतं की पणजीच्या फोंतान्याश वस्तीतल्या एका जुन्या घराच्या खिडकीवर सुवर्ण गुणोत्तराचा आयत अगदी बेमालूम बसला. फोटोही दाखवला होता. ते विधान मी मागे घेतोय. का, ते सविस्तर लिहितो, कारण चूक नेमकी कुठे झाली हे कळायला मला दीड महिना लागला.

फोटोत काय झालं

गल्ली अरुंद आहे, समोर उभं राहायला जागा नाही. म्हणून मी थोडा तिरका, डावीकडे सरकून फोटो काढला. फोटोत खिडकीची रुंदी साधारण २०० पिक्सेल होती आणि उंची ३२४. भागाकार १.६२. खरं सुवर्ण गुणोत्तर १.६१८०३..., म्हणजे मी हरखून जाणं साहजिकच होतं.

पण तिरकं उभं राहिलं की रुंदी आखडते आणि उंची जवळजवळ तशीच राहते. किती आखडते, ते कोसाइनवरून काढता येतं. ९ अंशांचा कोसाइन ०.९८७७. म्हणजे खिडकीचं खरं गुणोत्तर १.६० असेल, तर नुसत्या ९ अंशांच्या तिरकसपणामुळे ते फोटोत १.६२ दिसेल. ९ अंश म्हणजे दहा पावलांवर उभं राहून दीड पाऊल बाजूला सरकणं. तेवढा तर मी नक्कीच सरकलो होतो.

दुसरी गंमत रेषेच्या जाडीची. २०० पिक्सेल रुंदीला १.६० ने गुणलं की ३२० आणि १.६१८ ने गुणलं की ३२३.६. फरक साडेतीन पिक्सेलचा. मी जो शंखाकृती नमुना वर ठेवला होता त्याची रेषाच चार-पाच पिक्सेल जाड होती. थोडक्यात, या दोन गुणोत्तरांमधला अख्खा फरक त्या रेषेखाली झाकला जात होता. प्रसिद्ध चित्रांवर काढलेल्या सोनेरी रेषा पाहताना आता मी आधी त्या रेषेची जाडी बघतो.

टेप घेऊन

घरमालकीणबाईंनी आत येऊन मोजायची परवानगी दिली. एका रविवारी सकाळी पाच मीटरची पोलादी टेप, वही आणि ओळखीचे एक सुतार, आमचे मेस्त, यांना घेऊन गेलो. भिंतीतल्या उघडीचं माप घेतलं, शिंपल्यांच्या तावदानांच्या चौकटीचं घेतलं नाही, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. प्रत्येक माप तीन जागी घेऊन सरासरी काढली.

खिडकीची रुंदी ११०.४ सेंटीमीटर, उंची १७५.६. गुणोत्तर १.५९. तिच्या शेजारच्या जोडखिडकीचं १.६१. दोन्हींची सरासरी १.६०. उंची सोनेरी हवी असती तर ११० च्या रुंदीला ती १७८ असायला हवी होती. दोन सेंटीमीटरचा फरक टेपवर स्पष्ट दिसतो, गवंड्यालाही दिसला असता.

मेस्तांनी आकडे ऐकले आणि विचारलं, "बाब, एकशे दहा कशाला? आम्ही आज खिडकी करतो ती अडीच फूट बाय चार फूट. तिचंही हेच येणार ना?" खरंच येतं: ४ भागिले २.५ म्हणजे १.६. त्यांच्या डोक्यात गुणोत्तर नव्हतंच. फूटपट्टीवर अर्ध्याअर्ध्याने मोजायला सोपी मापं होती.

तिथे माझी ट्यूब पेटली. जुन्या पोर्तुगीज मापांत एक पाल्म २२ सेंटीमीटरचा आणि पाच पाल्मांची एक वारा, म्हणजे ११० सेंटीमीटर. खिडकीची रुंदी ५ पाल्म आणि उंची ८ पाल्म (१७६). आकडे असे बसले की मी घरातली दिसेल ती लांबी मोजायला लागलो.

दरवाजा १३१.६ बाय २६३.२: म्हणजे ६ आणि १२ पाल्म. दोन खिडक्यांमधली भिंत १५३.५: ७ पाल्म. भिंतीची जाडी ६६.५: ३ पाल्म. पुढच्या खोलीची रुंदी ४४१: २० पाल्म. एक माप बसलं नाही. बाहेरच्या पायऱ्यांपासून आतल्या जमिनीपर्यंतची उंची ७१, म्हणजे सव्वातीन पाल्म. मालकीणबाई म्हणाल्या, सासऱ्यांच्या काळात आतली जमीन उखडून लाद्या बसवल्या. ते एक माप मी मूळ बांधणीचं धरत नाही, पण वहीत ठेवलंय. न बसणारं माप गाळलं की मग कोणताही सिद्धान्त बसतो.

हे योगायोगाने होऊ शकतं का? कुठलीही लांबी एक सेंटीमीटरच्या आत २२ च्या पटीजवळ पडायची शक्यता साधारण अकरातली एक. आठपैकी सात पडल्या. ह्याला मी माप म्हणतो.

उलट, ह्याच आठ लांबींच्या जोड्या २८ होतात. त्यांत १.६१८ शोधायला गेलो आणि तीन टक्क्यांची सूट दिली, तर दोन जोड्या सोनेरी ठरल्या: खिडकीची उंची-रुंदी, आणि खिडकीची रुंदी-भिंतीची जाडी. ह्यातली दुसरी किती निरर्थक आहे ते दिसतंच आहे. दर्शनी भागावर वीस ठळक बिंदू धरले, तर त्यांच्यामध्ये १९० अंतरं मिळतात आणि त्या अंतरांच्या जोड्या होतात १७,९५५. इतक्या जोड्यांत हवं ते गुणोत्तर सापडत नाही असं होणारच नाही.

आपल्यातल्या एकाने लगेच विचारलं: ५ आणि ८ हे फिबोनाची मालिकेतले अंक आहेत, तिथे प्रत्येक अंक आधीच्या दोघांची बेरीज असतो आणि लगतच्या अंकांचा भागाकार १.६१८ कडे सरकत जातो, मग हा सुवर्ण गुणोत्तराचाच वापर नाही का? प्रश्न रास्त आहे. बांधणाऱ्याच्या मनात ती मालिका असती, तर ३, ५, ८, १३ हे आकडे परत परत आले असते. ह्या घरात ३, ५, ६, ७, ८, १२, २० आले. दरवाजा तर सरळ १:२ आहे. पूर्ण पाल्मांत मोजणाऱ्या माणसाच्या हातून ५:८ अधूनमधून घडणारच.

मग खरा वापर कुठे?

तो आहेच, आणि म्हणूनच भाकडकथांचा मला राग येतो. खऱ्या कामावर त्यांची सावली पडते.

वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचं उदाहरण घ्या. १९४३ पासून त्याने मोड्युलर नावाची मापपट्टी रचायला घेतली. सहा फुटांचा, म्हणजे १८३ सेंटीमीटरचा माणूस धरून मालिका अशी उतरते: १८३, ११३, ७०, ४३. प्रत्येक आकडा पुढच्या दोघांची बेरीज आहे आणि लगतचं गुणोत्तर सुवर्णाच्या जवळ: १.६१९, १.६१४, १.६२८. हात वर केलेल्या माणसाची उंची २२६, म्हणजे ११३ ची दुप्पट. मार्सेयच्या त्याच्या गृहसंकुलात ती वापरली गेली. इथे मी फिबोनाचीला लावलेली कसोटी टिकते: आकड्यांची आख्खी मालिका दिसते आणि रचणाऱ्याने ती स्वतः लिहून ठेवली आहे.

दुसरं, जास्त बोचरं उदाहरण साल्वादोर दालीच्या १९५५ च्या अखेरच्या भोजनाच्या चित्राचं. कॅनव्हास १६६.७ बाय २६७ सेंटीमीटर, गुणोत्तर १.६०. होय, माझ्या खिडकीइतकंच. रुंदी खऱ्या सोनेरी मापापेक्षा जवळजवळ तीन सेंटीमीटर कमी. तरी इथे हेतू पक्का आहे: चित्रात वर पंचकोनी पृष्ठांचा प्रचंड द्वादशफलक आहे, आणि नियमित पंचकोनाच्या कर्ण-बाजूचं गुणोत्तर सुवर्णच असतं. शिवाय दाली त्याआधी १९४९ च्या चित्रासाठी माटिला घिका या गणिती अभ्यासकासोबत काम करत होता.

म्हणजे दोन ठिकाणी तेच १.६०. एक हेतूने आलेलं आणि एक पाल्मांच्या पट्टीतून. फक्त टेप घेऊन हा फरक मला कधीच सापडला नसता. दालीच्या बाबतीत तो चित्रातल्या भूमितीतून आणि सहकाऱ्यांच्या नावातून कळतो, घराच्या बाबतीत इतर मापांतून.

सोनेरी म्हणून नेहमी दाखवल्या जाणाऱ्या अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराबद्दल दोनच ओळी. त्याचा पाया ३०.९ बाय ६९.५ मीटर, म्हणजे ९:४, अगदी साध्या अंकांचं नातं. दर्शनी भागावरचा सोनेरी आयत कुठल्या पायरीपासून सुरू करायचा हे काढणारा ठरवतो आणि वरचं टोक आता जागेवर नाही. ह्या कल्पनेची हवा १८५४ नंतर जर्मनीतल्या आडोल्फ झाइसिंगच्या लिखाणातून वाढली. इटालियन गणिती पाचोलीचं १५०९ चं प्रसिद्ध पुस्तकही ह्या गुणोत्तराला दैवी म्हणतं खरं, पण वास्तुरचनेच्या भागात तो साध्या अंकांची नातीच सांगतो.

माझं चित्र

वाचून झालं की करून पाहायचं, म्हणून मांडवीकाठच्या संध्याकाळच्या चित्रासाठी सोनेरी पाट्याची चौकट स्वतः काढली. कृती जुनीच: ४० सेंटीमीटरचा चौरस, खालच्या बाजूचा मध्यबिंदू, तिथून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर (४४.७२) कंपासात धरून खाली पायाच्या रेषेवर उतरवायचं. मध्यापासून उरलेले २० मिळवले की ६४.७२.

पहिल्यांदा खिळा आणि सुताने केलं. सूत ताणलं गेलं आणि तीन मिलीमीटर जास्त आले. मग बांबूच्या कामटीला दोन खिळ्यांची भोकं पाडून फिरवली, ती नीट बसली.

पुढची चूक फ्रेमवाल्याकडून परत आल्यावर कळली. फ्रेमची आतली कड कॅनव्हासला चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर झाकते. दिसणारा भाग उरला ३९ बाय ६३.७, गुणोत्तर १.६३. नवीन पाटा मी दिसणाऱ्या भागावरून आखलाय: ४० बाय ६४.७२ दिसायला हवे, म्हणून कापला ४१ बाय ६५.७२. नदीची रेषा वरून सुवर्णबिंदूवर ठेवली, २४.७ वर. चित्र बरं वाटतं का? बायकोला नदी आणखी खाली हवी होती, मी ती तीन सेंटीमीटर उतरवली आणि ती जास्त शांत दिसते. रेषा त्यामुळे आखलेल्या बिंदूवर नाही, आणि तशीच राहणार.

पुढच्या महिन्यात दुसरं एक घर मोजायचंय. ह्या वेळी कोऱ्या कागदावर आधी लिहून ठेवणार: कुठल्या लांबी मोजणार, किती सूट चालेल. मगच टेप काढणार. मेस्त येणार आहेत, जुन्या पाल्मांच्या खुणांची एक काठी त्यांच्या वडिलांच्या पेटीत होती म्हणतात. ती मिळाली तर तिच्यावरच्या खुणांची मापं आधी इथे टाकतो.