दोन ओळींत लिहिलेले एकच आठ दिवस

मी सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवतो. क्रिटिकल पाथची, म्हणजे कामं क्रमानं मांडून शेवटची तारीख ठरवणारी सगळ्यात लांब वाट शोधायची असाइनमेंट देताना माझी एक अट असते. पुस्तकातले ए, बी, सी चालणार नाहीत, डोळ्यांनी पाहिलेलं काम घ्यायचं. एका मुलानं मामांचा टॉवेलचा कारखाना घेतला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांची शेड आहे. जुने माग काढून तिथं धोट्याशिवाय चालणारे रॅपियर माग बसवायचे होते. मामांनी भाच्याची आकृती आणि तक्ता मोठ्या कागदावर काढून शेडच्या भिंतीवर लावला आणि त्यावरूनच माणसांना तारखा दिल्या. एका दुपारी मामा-भाचे दोघंही माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"सर, पॅनेलवाल्याला सहा दिवस उशीर झाला. म्हटलं, आठ दिवस मोकळे आहेत, होऊ दे. आता वायरमन म्हणतो, माझेपण आठ दिवस मोकळे आहेत, तक्त्यात लिहिलंय की. तो बार्शीला दुसऱ्या कामावर गेला. आज पंधरावा दिवस. पोरगं म्हणतंय, काहीतरी चुकतंय."

मी आधी आकृती पाहिली. बाणांची पद्धत होती: प्रत्येक बाण म्हणजे एक काम, आणि प्रत्येक वर्तुळात दोन आकडे, लवकरात लवकरची वेळ आणि उशिरात उशिराची वेळ. वर्तुळ १ पासून वर्तुळ २ पर्यंत शेड रिकामी करणं, ४ दिवस. तिथून ३ पर्यंत पाया खोदून काँक्रीट, ६ दिवस. मग ४ पर्यंत काँक्रीटवर पाणी मारणं, १० दिवस. ४ ते ६ माग बसवणं, ५ दिवस. ६ ते ७ चाचणी, ३ दिवस. एकूण २८. हाच क्रिटिकल पाथ. मागांची वाहतूक १ पासून थेट ४ ला येत होती, १२ दिवसांची. खालच्या अंगानं विजेचं पॅनेल बनवून आणणं १ ते ५, ९ दिवस, आणि वायरिंग ५ ते ६, ८ दिवस.

पोराची बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. पुढं जाताना वर्तुळ ५ ची लवकरची वेळ ९ येते. मागं येताना वर्तुळ ६ ची उशिराची वेळ २५, त्यातून वायरिंगचे ८ वजा केले की वर्तुळ ५ ची उशिराची वेळ १७. शेवटची तारीख न हलवता काम जितकं लांबू शकतं तो त्याचा टोटल फ्लोट. म्हणजे पॅनेलचा टोटल फ्लोट १७ वजा ९, आठ. वायरिंगचा २५ वजा ९ वजा ८, तोही आठ. तक्त्यात दोन ओळींत दोन आठ उभे होते आणि दोघांनी आपापला उचलला.

खरं तर ते एकच आठ दिवस आहेत. टोटल फ्लोट कामाचा नसतो, वाटेचा असतो. एकाच वाटेवरच्या दोन कामांपुढं तो लिहिला जातो, पण पहिल्यानं वापरला की दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो. दोन भावांचं एकच खातं असावं तसं. हे ओळखायची सोय त्याच तक्त्यात असते, पण मुलं शेवटचे रकाने घाईनं भरतात किंवा सोडून देतात. पोरानं सोडले होते. ते मी त्याच्याकडून तिथंच भरून घेतले.

फ्री फ्लोट म्हणजे पुढच्या कामाच्या लवकरच्या वेळेला धक्का न लावता उरणारा वेळ. पॅनेलचा शून्य आला. वायरिंगचा आठ. इंडिपेंडंट फ्लोट काढताना मागच्यानं आपला सगळा वेळ खाल्ला असं धरतात आणि पुढच्याला लवकरात लवकर सुरू करू देतात: वर्तुळ ६ ची लवकरची वेळ २५, वजा वर्तुळ ५ ची उशिराची १७, वजा ८. शून्य! दोन्ही कामांपुढं शून्य. याचा अर्थ या वाटेवर कुणाकडंही स्वतःचा म्हणावा असा एकही मोकळा दिवस नाही. मामा बराच वेळ त्या शून्याकडं बघत होते.

मग आजपासूनचा हिशेब. पॅनेल पंधराव्या दिवशी आलं. वायरमननं लगेच सुरू केलं असतं तर तेविसाव्या दिवशी संपलं असतं आणि हातात दोन दिवस उरले असते. पण तो आठ दिवसांनी येणार, म्हणजे २३ ला सुरुवात, ३१ ला शेवट, चाचणी धरून ३४. सहा दिवस उशीर. फोन लावला तर तो म्हणाला, एकोणिसावा दिवस संपल्याशिवाय सुटका नाही. तरीही तीस दिवस होतात, दोन दिवस उशीर.

मामांचा पहिला उपाय अपेक्षित होता. "पाणी मारायचं सातव्या दिवशी थांबवू. माग दोन-तीन दिवस आधी बसतील." मी नको म्हटलं. एक तर साध्या ओपीसी सिमेंटला आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किमान ७ दिवस सांगतं, पण हवा उष्ण आणि कोरडी असेल तर १०. सोलापूरच्या उन्हाळ्यात दहाच्या खाली जाणं म्हणजे रॅपियरचे हादरे कच्च्या पायावर घेणं. आणि दुसरं, आता लांबलेली वाट वायरिंगची होती. माग लवकर बसवून शेवटची तारीख एका दिवसानंही अलीकडं येणार नव्हती.

म्हणून मी मामांना विचारलं, वायरिंगच्या आठ दिवसांत नेमकं काय काय होतं? भिंतीवरून केबल ट्रे बसवणं आणि केबल ओढणं पाच दिवस. पॅनेलला जोडणी आणि तपासणी तीन दिवस. मागाच्या मोटरची शेवटची जोडणी त्यांनी चाचणीतच धरली होती. आता ट्रेसाठी पॅनेल कशाला हवं? लागते ती रिकामी शेड, आणि ती तर चौथ्या दिवशीच रिकामी झाली होती. आकृतीतला खरा दोष हा होता. एका बाणात दोन कामं कोंबली होती आणि पॅनेलची अट दोघांनाही लागली होती. बाण तोडला की ट्रेचं काम वर्तुळ २ पासून ५ पर्यंत जातं, जोडणी ५ ते ६. नुसता क्रम दाखवणाऱ्या, शून्य दिवसांच्या डमी बाणाचीही गरज पडत नाही. तसं सुरुवातीलाच काढलं असतं तर वर्तुळ ५ ची उशिराची वेळ १७ ऐवजी २२ आली असती.

वायरमनचे दोन मदतनीस सोलापुरातच होते. जोडणी त्यांना जमणारी नव्हती, ट्रे आणि केबल जमत होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर आले. पंधरापासून पाच दिवस, विसावा दिवस. वायरमन त्याच्या आधल्या दिवशी मोकळा. जोडणी विसापासून तेवीस. चाचणी पंचवीसनंतर ठरल्याप्रमाणं. हातात दोन दिवस, ट्रे आणि जोडणी मिळून दोन.

हे दोन दिवस परत तक्त्यात दोन ओळींत लिहिले गेले असतेच, म्हणून भिंतीवरचा कागद आम्ही बदलला. कामाच्या माणसांसाठीच्या कागदावर फ्लोटचा रकानाच ठेवला नाही. प्रत्येकापुढं फक्त सुरू करायची आणि संपवायची लवकरची तारीख. फ्लोटचा तक्ता मामांच्या खिशात. कुणाला दिवस हवा असेल तर त्यानं मामांना विचारायचं आणि मामांनी आधी पुढच्या वर्तुळातले दोन्ही आकडे बघायचे. ट्रेवाल्यांना त्यातला एक दिवस लागला. त्यांनी विचारला, मामांनी दिला, आणि त्याच संध्याकाळी वायरमनला फोन करून जोडणी एक दिवस पुढं गेल्याचं कळवलं.